‘आपल्याकडून चूक झाली’ म्हणजे नेमकी कोणाकडून? चुकीची साडी गेल्याबद्दलचा मेल

मी इंदूरहून महेश्वरी साड्या ऑनलाइन विकते. नाशिकच्या एका ग्राहक बाईंना सुनेच्या डोहाळजेवणासाठी हिरवी साडी हवी होती, आमच्याकडून राणी रंगाची गेली. कार्यक्रम २१ तारखेला आहे, आज ११. हिरवी साडी दुकानात आहे. त्यांचा मेल मराठीत आहे, म्हणून मीही मराठीतच उत्तर लिहिलंय. घरी मराठी बोलतो, पण माझं शिक्षण सगळं हिंदीतून झालंय. व्याकरण तपासून, शोभेल अशा शब्दांत करून द्याल का?

> विषय: गलत साडी बद्दल क्षमस्व
>
> आदरणीय श्रीमतीजी,
>
> आपला ऑर्डर क्र. ११४७ आम्हाला मिळाला होता. आपली फोटो बघून समजले की आपल्याकडून चुक झाली आहे आणि दुसऱ्या रंगाची साडी पाठवली गेली. या असुविधे साठी आम्ही क्षमस्व आहोत. लग्नसराईच्या गर्दीत स्टाफ कडून असे होऊन जाते. कृपया करून आपण त्या साडीला वापस पाठवून द्या, कुरिअरचा खर्च आम्ही आपल्यासाठी देऊन देऊ. साडी भेटल्यावर तुम्हाला हिरवी साडी जल्दीत जल्दी पाठवू. जर तुम्हाला काही त्रास झाला असेल तर माफी असावी. पुढे असे नाही होईल याची आम्ही आश्वस्त करतो.
>
> धन्यवाद

ताई, मेल अजून पाठवला नसेल तर पाठवू नका. त्यातल्या हिंदी शब्दांमुळे नव्हे. ते सुधारायला पाच मिनिटं पुरतील, आणि ‘गलत’ वाचून नाशिकच्या बाईंना काही कळायचं राहणार नाही. पण दुसऱ्याच वाक्यात तुम्ही त्यांना सांगताय, की चूक त्यांची आहे.

‘आपली फोटो बघून समजले की आपल्याकडून चुक झाली आहे.’ हे वाक्य नाशिकच्या कानांनी वाचा. पहिलं ‘आपली’ त्यांच्यासाठी आहे: त्यांनी पाठवलेला फोटो. लगेच पुढे ‘आपल्याकडून’ येतं. वाचणारा तोच धागा पुढे नेतो आणि त्याला कळतं, की ‘तुमचा फोटो बघितला, तुमच्याकडून चूक झाली आहे.’ तुमच्या मनात अर्थ उलटा होता, हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण इंदुरात आपण सगळे असंच बोलतो. इथल्या हिंदीत ‘अपन’ म्हणजे आम्ही, ‘अपन से गलती हो गई’ म्हणजे आमची चूक झाली. ते ‘अपन’ आपल्या घरातल्या मराठीत ‘आपल्याकडून’ होऊन येतं. दुकानात बसून मुलाला ‘अरे, आपल्याकडून चूक झालीय’ म्हणालात तर अगदी बरोबर आहे, कारण तिथे तुम्ही आणि तो एकाच बाजूला आहात. मराठीतलं ‘आपण’ बोलणारा आणि ऐकणारा दोघांना एकत्र धरतं, समोरच्याला मान देण्यासाठी ‘तुम्ही’च्या जागीही येतं आणि स्वतःकडे बोट दाखवायलाही येतं. माफीच्या पत्रात दोन बाजू असतात आणि कोणती बाजू चुकली हेच तर सांगायचं असतं. तिथे हा शब्द घात करतो.

मी इंदूरच्या कापडबाजारात एका पेढीचा मराठी पत्रव्यवहार बावीस वर्षं सांभाळते आहे. सुरुवातीच्या दिवसांत माझ्याही हातून हेच झालं. सांगलीच्या एका व्यापाऱ्यांना धोतरजोड्यांऐवजी उपरण्यांचा गठ्ठा गेला होता. मी लिहिलं, ‘आपल्याकडून गठ्ठ्यांची अदलाबदल झाली आहे, तरी कृपया समजून घ्यावे.’ त्यांचं उत्तर आलं ते त्यांच्या मागणीपत्राच्या झेरॉक्ससकट, खाली एकच ओळ: ‘आमची मागणी बरोबर होती.’ मला ती ओळ कितीतरी वेळ उलगडली नाही. उलगडली तेव्हा फार वाईट वाटलं, कारण त्या माणसाला आमच्या चुकीबद्दल स्वतःचा बचाव करावा लागला होता. तेव्हापासून माफीच्या पत्रात ‘आपण’, ‘आपला’, ‘आपल्याकडून’ हे शब्द मी वापरतच नाही. ग्राहकाला ‘तुम्ही’, स्वतःला ‘आम्ही’. ‘तुम्ही’ हा मराठीत पुरेसा आदराचा शब्द आहे. त्याला हिंदीतल्या ‘तुम’ची पायरी लावायला नको, इथे बरेच जण तिथेच बिचकतात. शिवाय तुमच्या मेलमध्ये वरच्या अर्ध्यात ‘आपण’ आणि खाली ‘तुम्हाला’ आलंय. ती सरमिसळ एका ‘तुम्ही’ने आपोआप जाईल.

गंमत नाही, पण लक्षात घेण्यासारखं आहे की मला प्रश्न लिहिताना तुम्ही ‘आमच्याकडून राणी रंगाची गेली’ असंच लिहिलंत. म्हणजे बरोबर शब्द तुमच्या तोंडात आहे. औपचारिक लिहायला बसलं की तो निसटतो.

आता ‘आमच्याकडून’ आलं, तरी क्रियापद कोणतं हा प्रश्न उरतोच. ‘साडी पाठवली गेली’ यात पाठवणारा कोणीच नाही, साडी जणू आपली आपण निघाली. दुसऱ्या टोकाला ‘आम्ही चूक केली’ असं लिहिलं तर मराठीत ते जड होतं, त्यात जाणूनबुजून केल्याचा किंवा मोठ्या अपराधाचा वास येतो. आपल्या भाषेत या दोन्हींच्या मधली जागा नेमकी आहे: ‘आमच्याकडून चूक झाली’, ‘आमच्याकडून राणी रंगाची साडी पाठवली गेली’. हेतू नव्हता हे ‘झाली’ सांगतं आणि जबाबदारी ‘आमच्याकडून’ उचलतं. पुढे एक छोटं वाक्य जोडा, ‘ही चूक पूर्णपणे आमची आहे.’ एवढ्याने ग्राहकाच्या मनातली ‘आता मलाच काहीतरी सिद्ध करत बसावं लागणार’ ही धास्ती जाते.

‘आम्ही क्षमस्व आहोत’ हे मात्र व्याकरणाने चालणारच नाही, आणि ही चूक फक्त इंदूरची नाही, पुण्यामुंबईच्या पाट्यांवरही दिसते. ‘क्षमस्व’ हे संस्कृत आज्ञार्थी क्रियापद आहे, त्याचा अर्थ ‘क्षमा कर’. म्हणजे तुमचं वाक्य ‘आम्ही क्षमा कर आहोत’ असं होतं. ‘क्षमस्व’ एकटं उभं राहू शकतं, किंवा ‘चुकीबद्दल क्षमस्व’ असं. ‘आहोत’ हवं असेल तर ‘आम्ही दिलगीर आहोत’ म्हणा, कारण दिलगीर हे विशेषण आहे, माणूस दिलगीर असू शकतो. नाम हवं असेल तर ‘दिलगिरी व्यक्त करतो’. तिथे गि ऱ्हस्व होतो, ते पुढे ‘चूक’च्या वेळी सांगते. पण मला विचाराल तर या मेलमध्ये दिलगिरी नको. रस्ता बंद असेल, वीज जाणार असेल, कार्यालय सुट्टीमुळे बंद राहणार असेल तर दिलगिरी शोभते. एका बाईच्या घरच्या कार्याची साडी चुकली असेल तर ‘माफी मागते’ हेच बरोबर. आणि ‘मागतो’ नव्हे, ‘आम्ही’ही नव्हे. चूक दुकानाची म्हणून ‘आमच्याकडून’, पण माफी मागणारी तुम्ही एकटी, म्हणून ‘मी मनापासून माफी मागते’. खाली सही तुमची आहे, त्या बाई फोन करतील तेव्हा आवाजही तुमचाच असेल.

‘असुविधा’ची गोष्ट वेगळी आहे. ‘असुविधा के लिए खेद है’ हे वाक्य गाडी उशिरा येत असली की स्टेशनवर इतक्यांदा ऐकलेलं असतं, की ते कानावर पडतं पण पोचत नाही. मराठीत शब्द ‘गैरसोय’. पण तोही इथे लिहू नका. त्या बाईंची गैरसोय झाली नाही, त्यांना काळजी लागली आहे. डोहाळजेवणाला हिरवी साडीच लागते, राणी रंगाची चालवून घेता येत नाही, आणि हातात दहा दिवस आहेत. तुमच्या मेलमध्ये डोहाळजेवणाचा शब्दही नाही. त्यांनी सांगितलेली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच होती. ती तुमच्या उत्तरात आली नाही तर मेल वाचलाच नाही असं त्यांना वाटेल, मग भाषा कितीही शुद्ध असो.

याच कारणासाठी ‘जर तुम्हाला काही त्रास झाला असेल तर’ हे काढून टाका. ‘माफी असावी’ हा प्रयोग सुंदर आहे, अस्सल मराठी आहे, तुमच्या आजीच्या तोंडून आला असेल. पण त्याच्या आधीचं ‘जर’ त्रासाविषयीच शंका घेतं. त्रास झालेला आहे, त्यांनी फोटो काढून पाठवलाय. तसंच लग्नसराईचं वाक्य. ‘असे होऊन जाते’ हे हिंदीतल्या ‘हो जाता है’ची सावली आहे, मराठीत ‘होतं कधीकधी’ म्हणतात. पण दुरुस्त करूनसुद्धा ते ठेवू नये. त्यातून ग्राहकाला दोनच गोष्टी कळतात: तुमच्याकडे गर्दी असली की असं होतं, आणि तुम्हाला ते नेहमीचं वाटतं. कारण सांगायचंच असेल तर असं सांगा ज्याने पुढच्या पार्सलबद्दल विश्वास वाढेल. ते फोटोने होईल, तिथे येतेच.

आता मेलमधल्या खऱ्या कामाकडे येऊ. ‘साडी भेटल्यावर तुम्हाला हिरवी साडी जल्दीत जल्दी पाठवू.’ भाषेपुरतं आधी सांगते. प्रमाण मराठीत माणसं भेटतात, वस्तू मिळतात. हिंदीत दोन्हीला ‘मिलना’ असल्याने आपला गोंधळ होतो. महाराष्ट्रातही अनेक भागांत वस्तू ‘भेटतात’, त्यांच्या बोलीत ते चूक नाही, पण दुकानाच्या मेलमध्ये ‘मिळाल्यावर’ लिहावं. ‘जल्दीत जल्दी’ला ‘लवकरात लवकर’.

भाषा सुधारली तरी वाक्याचा अर्थ काय राहतो ते बघा. आधी त्यांनी साडी कुरिअरला द्यायची, ती नाशिकहून इंदूरला यायची, मग तुमची निघायची. सुमारे चारशे किलोमीटरचं अंतर दोनदा कापायचं. येता चार दिवस, जाता चार दिवस, मध्ये एखादा रविवार, आणि २१ तारीख उलटते. समजा १९ ला पोचली, तरी फॉल-पिको आणि ब्लाउज शिवायला वेळ कुठे आहे? हिरवी साडी दुकानात असताना ती उद्याच निघायला हवी, राणी साडी परत येण्याशी तिचा संबंध जोडायचाच नाही. आणि ‘लवकरात लवकर’ऐवजी तारीख लिहा. कुरिअरवाला तीन ते चार दिवस म्हणत असेल तर चार धरा, १२ ला निघाली तर १६. आशेची तारीख लिहून ती चुकली, तर दुसऱ्या माफीला पहिलीइतकं वजन राहत नाही. तारीख लिहिण्याआधी कुरिअरच्या माणसाला त्यांचा पिनकोड सांगून विचारा. नाशिक शहर आणि जिल्ह्यातलं एखादं गाव यांत एखाददुसऱ्या दिवसाचा फरक पडू शकतो.

फॉल-पिको तुम्ही आज रात्रीपर्यंत इथेच करून घेऊ शकत असाल तर तसं लिहा, पैसे न घेता. हे बक्षीस म्हणून नाही. चुकीमुळे त्यांचे जे दिवस गेले, त्यांतला एक परत देण्याचा हा एकच मार्ग तुमच्या हातात आहे. पुढच्या खरेदीवर सूट वगैरे या मेलमध्ये लिहू नका. ज्या बाईंना ही साडी वेळेवर येईल की नाही याची चिंता आहे, त्यांच्यापुढे पुढच्या खरेदीची गोष्ट काढू नये.

परत पाठवण्याबद्दल. ‘त्या साडीला वापस पाठवून द्या’ यातलं ‘साडीला’ हिंदीतल्या ‘को’मुळे आलंय. मराठीत निर्जीव कर्माला असं ‘ला’ लागत नाही: ‘ती साडी परत पाठवा’. ‘वापस’ विदर्भात ऐकू येतं, नाशिकला ‘परत’ म्हणतात. ‘कृपया करून’ हे दोन प्रयोग एकत्र झालेत. एकतर ‘कृपया’, नाहीतर ‘कृपा करून’. पण ‘पाठवा’ म्हणूच नका. कुरिअरचा रिव्हर्स पिकअप लावा, माणूस घरी येऊन नेईल. आणि त्याची घाई त्यांच्यावर टाकू नका, कार्यक्रम होऊन जाऊ दे.

‘कुरिअरचा खर्च आम्ही आपल्यासाठी देऊन देऊ’ हे उपकाराच्या सुरातलं आहे. तो उपकार नाही. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० प्रमाणे ठरल्यापेक्षा वेगळा माल गेला असेल तर ऑनलाइन विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे परत करायला नकार देता येत नाही. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि एका महिन्यात ती निकाली काढायची असते. हे नियम मेलमध्ये लिहायचे नाहीत. फक्त स्वतःला माहीत असले की वाक्याचा सूर आपोआप जागेवर येतो: ‘त्याचा खर्च आमच्याकडे आहे.’ एवढंच.

‘पुढे असे नाही होईल’ यातली नकाराची जागा हिंदीची आहे. ‘नहीं होगा’ तिथे बरोबर, मराठीत भविष्यकाळाचा नकार ‘होणार नाही’ असा होतो. ‘पाठवणार नाही’, ‘उशीर होणार नाही’. हे एक बोलताना पक्कं करा, बाकीच्या हिंदीपणाकडे महाराष्ट्रातला माणूस सहज दुर्लक्ष करतो, पण हे त्याला लगेच जाणवतं. ‘आश्वस्त करतो’च्या जागी ‘खात्री देते’ येईल, आणि ‘याची आश्वस्त करतो’ तर हिंदीतही जुळत नाही. पण तुम्ही खरंच खात्री देऊ शकता का? दुकानात माणसं काम करतात, पुन्हा कधीतरी चूक होईल. मी हे वाक्य काढलं आणि त्याजागी फोटो घातला. हिरवी साडी बांधण्याआधी दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी तिचा फोटो काढा, शेजारी ऑर्डरची चिठ्ठी ठेवून. ट्यूबलाइटखाली हिरवा वेगळाच दिसतो. गर्द हिरवा आणि पोपटी यांत डोहाळजेवणाच्या साडीला फरक पडतो, आणि हातमागावरच्या साड्यांत एका रंगणीचा रंग दुसऱ्या रंगणीशी तंतोतंत जुळतोच असं नाही. काठही दिसू दे. त्यांनी चटईचा काठ निवडला असेल आणि विटांचा गेला, तर दुसऱ्यांदा चूक झाली.

बाकीचं व्याकरण आता पटकन. ‘ऑर्डर’ हिंदीत पुल्लिंगी, मराठीत स्त्रीलिंगी: ‘तुमची ऑर्डर मिळाली’. ‘फोटो’ मराठीत पुल्लिंगी: ‘तुमचा फोटो मिळाला’. ‘पार्सल’ आणि ‘बिल’ मराठीत नपुंसकलिंगी, ‘ते पार्सल निघाले’. हिंदीत नपुंसकलिंगच नसल्याने इथेच आपला पाय घसरतो आणि ‘पार्सल निघाला’ लिहिलं जातं. शंका आली की शब्दाच्या आधी तो, ती, ते म्हणून बघा. तुमचा कान बहुतेक वेळा बरोबर सांगेल, कारण घरात तुम्ही मराठीच बोलता.

‘असुविधे साठी’, ‘स्टाफ कडून’, ‘साडी बद्दल’ यांत मधली जागा नको. हिंदीत नामानंतरचे ‘के लिए’, ‘से’ सुटे लिहितात. मराठीत ‘साठी’, ‘कडून’, ‘बद्दल’, ‘मुळे’ मागच्या शब्दाला चिकटतात: ‘साडीबद्दल’, ‘चुकीमुळे’.

‘चुक’ नव्हे, ‘चूक’. शब्दाच्या शेवटी अ असेल तर त्याच्या आधीच्या अक्षरातला इकार-उकार मराठीत दीर्घ लिहितात, आणि शब्दाला पुढे काही जोडलं की तो ऱ्हस्व होतो. म्हणून चूक, पण चुकीची, चुकून. म्हणून दिलगीर, पण दिलगिरी. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द याला अपवाद आहेत. माफीच्या मेलमध्ये ‘चूक’ हाच शब्द ऱ्हस्व-दीर्घाने चुकला तर डोळ्याला फार टोचतो, म्हणून एवढा एक नियम पाठ असू द्या.

‘समजले’ की ‘समजलं’? दोन्ही मराठी. मी तुम्हाला हे उत्तर बोलीतल्या ‘समजलं’ने लिहिते आहे, मेल मात्र ‘समजले’ने लिहिलाय. एका मेलमध्ये एकच ठेवा.

आणि ‘श्रीमतीजी’. हिंदीत श्रीमती म्हणजे विवाहित स्त्री. महाराष्ट्रात सरकारी पत्रांत आता सगळ्याच स्त्रियांना श्रीमती लिहितात, पण घरगुती वापरात, विशेषतः साठीपुढच्या बायकांच्या कानाला, ‘श्रीमती’ म्हणजे नवरा हयात नसलेली. ‘सौ.’ लिहावं तर तेही आपल्याला माहीत नसतं. सुनेचं डोहाळजेवण करणाऱ्या बाईंना यातलं काहीच लिहून धोका घेऊ नका. त्यांनी मेलखाली जसं नाव लिहिलं असेल तसंच नाव, त्यापुढे ‘यांना’, आणि खाली ‘सप्रेम नमस्कार’. ‘आदरणीय’ची गरज नाही.

तर मेल असा:

> विषय: ऑर्डर क्र. ११४७ – हिरवी साडी उद्या पाठवत आहे, चुकीबद्दल क्षमस्व
>
> … यांना,
>
> सप्रेम नमस्कार,
>
> तुमचा मेल आणि सोबतचा फोटो मिळाला. तुम्ही हिरवी महेश्वरी साडी मागवली होती आणि आमच्याकडून राणी रंगाची पाठवली गेली. ही चूक पूर्णपणे आमची आहे. घरात डोहाळजेवणाची तयारी चालू असताना तुम्हाला ही काळजी लागली, त्याबद्दल मी मनापासून माफी मागते.
>
> तुमची हिरवी साडी उद्या, १२ तारखेला, इथून कुरिअरने निघेल आणि १६ तारखेपर्यंत तुमच्या घरी पोहोचेल. साडी मी स्वतः तपासली आहे. आज दिवसाच्या उजेडात काढलेला तिचा फोटो सोबत जोडला आहे. रंग किंवा काठ याबद्दल काही शंका वाटली तर आज संध्याकाळपर्यंत कळवा. फॉल-पिको इथूनच करून हवे असेल तर तेही आज करून घेते, त्याचे पैसे द्यायचे नाहीत. पार्सल निघाले की त्याचा क्रमांक लगेच कळवीन.
>
> राणी रंगाची साडी नेण्यासाठी कुरिअरचा माणूस तुमच्या घरी येईल. त्याची घाई नाही. २१ तारखेनंतरचा तुम्हाला सोयीचा दिवस कळवा. साडी आहे तशी त्याच्याकडे द्यावी, त्याचा खर्च आमच्याकडे आहे.
>
> १६ तारखेपर्यंत साडी मिळाली नाही किंवा आणखी काही अडचण आली, तर खालच्या क्रमांकावर थेट मला फोन करा.
>
> कळावे,
>
> (तुमचे नाव, दुकानाचे नाव, फोन क्रमांक)

विषयाच्या ओळीत ‘गलत साडी’ऐवजी हिरवी साडी निघते आहे हे आधी ठेवलं, कारण फोनवर मेल आला की आधी तेवढंच दिसतं. दिवसभराच्या कामात त्यांनी मेल उघडला नाही तरी मुख्य गोष्ट कळेल. शेवटचं ‘धन्यवाद’ काढलं. त्यांनी अजून काही केलेलं नाही, आणि धीर धरल्याबद्दल आधीच आभार मानले तर धीर धरायची सक्ती केल्यासारखं होतं. साडी पोचल्याचं त्यांनी कळवलं की तेव्हा मानावेत.

हा मेल दुपारी चारच्या आत गेला पाहिजे, नाहीतर ‘आज संध्याकाळपर्यंत कळवा’ला अर्थ उरत नाही. उशीर झाला तर ती ओळ ‘उद्या सकाळी दहापर्यंत’ अशी करा आणि कुरिअरला पार्सल दुपारच्या फेरीत द्या. मेल गेल्यावर एक फोन जरूर करा, पण मेलच्या आधी नाही. फोनवर दिलेली तारीख लक्षात राहतेच असं नाही, मेलमधली पुन्हा बघता येते.

एक शक्यता आणखी. राणी साडी त्यांना आवडली आणि ‘हीसुद्धा ठेवू का, किती द्यायचे’ असं त्यांनी विचारलं, तर लिहा: ‘जरूर ठेवा. तिची किंमत … रुपये आहे, पैसे सवडीने पाठवले तरी चालतील.’ दोन साड्यांच्या किमतीत फरक असेल तर तो इथेच आकड्यात लिहा. पण ‘ठेवायची असेल तर ठेवा’ असं आपणहून पहिल्या मेलमध्ये सुचवू नका. चुकून गेलेला माल गळ्यात मारल्यासारखं ते वाचलं जातं.